गच्चीवरचा फ्लोट स्विच, ३५ मीटर केबल आणि पुल-अप रेझिस्टरची निवड

प्रश्न: कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत मी रीड संपर्काचा फ्लोट स्विच बसवला आहे. टाकी भरली की संपर्क उघडतो. तेथून ३५ मीटर लांबीची दोन तारांची शील्डेड केबल खाली वॉचमनच्या केबिनमध्ये येते आणि तेथे एटीमेगा ३२८पी असलेला ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा छोटा बोर्ड बॅटरीवर चालतो. बॅटरी वाचावी म्हणून पिन एरवी OUTPUT आणि LOW ठेवतो, दर सेकंदाला INPUT_PULLUP करून लगेच digitalRead करतो आणि पुन्हा LOW करतो. टेबलावर वीतभर वायर लावून सगळे व्यवस्थित चालत होते. आता टाकी भरून वाहू लागली तरी संपर्क मिटलेलाच दिसतो. केबल तुटलेली नाही, मल्टिमीटरवर संपर्क नीट उघडमीट करतो. कोणी बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगतो, कोणी १ किलोओहमचा. नेमका कोणता लावावा आणि तो हिशेबाने कसा ठरवावा?

उत्तर:

तुमचा स्विच, तुमची केबल आणि तुमची पिन ही तिन्ही निर्दोष आहेत. दोष एवढाच आहे की तुम्ही पिन फार लवकर वाचता. पुल-अप लावल्याबरोबर लाइन ३.३ व्होल्टवर उडी मारत नाही. तिला आधी केबलचा कपॅसिटन्स भरावा लागतो, आणि तो भरणारा प्रवाह पुल-अप रेझिस्टरमधूनच यावा लागतो. दोन वाचनांच्या मधल्या काळात तुम्ही पिन LOW ठेवून केबल पूर्ण रिकामी करता, त्यामुळे प्रत्येक वेळी भरणे शून्यापासून सुरू होते. टेबलावरच्या वीतभर वायरीत भरण्यासारखे काही नव्हते, म्हणून तेथे ही उणीव दिसली नाही.

आता याला आकडे लावू. साध्या पीव्हीसी आवरणाच्या दोन तारांमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास कपॅसिटन्स असतो. शील्डेड केबलमध्ये सिग्नलच्या तारेभोवती दुसरी तार आणि शील्ड अशी दोन्ही असतात आणि तुमच्या जोडणीत ती दोन्ही ग्राउंडला आहेत, म्हणून हा आकडा वाढतो. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तो घ्यावा. नसेल तर दर मीटरला १५० पिकोफॅरॅड धरून सुरुवात करण्यास हरकत नाही. ३५ मीटरला तो ५२५० पिकोफॅरॅड, म्हणजे सुमारे ५.२५ नॅनोफॅरॅड होतो. पिनचे आणि बोर्डवरील ट्रॅकचे मिळून वीस-तीस पिकोफॅरॅड यात बुडून जातात, त्यांचा विचार येथे सोडून द्यावा.

या चिपचा आतला पुल-अप डेटाशीटनुसार २० ते ५० किलोओहम यांच्या दरम्यान कितीही असू शकतो. म्हणजे टाइम कॉन्स्टंट, अर्थात रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार, १०५ ते २६० मायक्रोसेकंद येतो. लाइनचे व्होल्टेज वेळेनुसार असे वाढते:

```
V(t) = Vcc * (1 - exp(-t / (R*C)))
```

पुस्तकांत राइझ टाइम म्हणून १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचा वेळ, म्हणजे 2.2*R*C, दिलेला असतो. ऑसिलोस्कोपवर मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहायला तो बरा असतो. तुमच्या पिनला मात्र ९० टक्क्यांशी देणेघेणे नाही, तिला फक्त HIGH समजण्याची उंबरठ्याची पातळी गाठलेली हवी. ही चिप पुरवठ्याच्या ०.६ पट किंवा त्याहून वरचे व्होल्टेज नक्की HIGH समजते आणि ०.३ पट किंवा त्याखालचे नक्की LOW समजते. मधल्या पट्ट्यात ती काय वाचेल याची हमी उत्पादक देत नाही. तुमच्या ३.३ व्होल्टला हे दोन आकडे १.९८ आणि ०.९९ व्होल्ट होतात. वरच्या सूत्रात ०.६ घातले की लागणारा वेळ मिळतो:

```
t = R*C * ln(1 / (1 - 0.6)) = 0.916 * R*C
```

म्हणजे तुमच्या लाइनला HIGH होण्यासाठी साधारण ९६ ते २४० मायक्रोसेकंद हवेत. पुल-अप चालू करणे आणि पिन वाचणे या दोन ओळींमध्ये ८ मेगाहर्ट्झवर जाणारा वेळ दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. तेवढ्यात लाइन, आतला पुल-अप नशिबाने २० किलोओहमचा निघाला तरी, ०.३० व्होल्टपर्यंतच चढते. पिन तिला LOW म्हणते आणि ते बरोबरच आहे. टेबलावर ५० पिकोफॅरॅड धरले, तर ५० किलोओहमलाही हाच वेळ २.३ मायक्रोसेकंद येतो, म्हणून तेथे दहा मायक्रोसेकंद भरपूर होते.

येथे कोणी म्हणेल की मग रेझिस्टर लहान करावा म्हणजे झाले. १० किलोओहम लावून पाहा: टाइम कॉन्स्टंट ५२ मायक्रोसेकंद, उंबरठ्याला ४८ मायक्रोसेकंद, दोष जसाच्या तसा राहील. ४.७ किलोओहम लावला तर तो जास्तच त्रासदायक रूप घेईल, कारण दहा मायक्रोसेकंदांनी लाइन १.१ व्होल्टवर असेल, म्हणजे नेमकी त्या बेभरवशाच्या पट्ट्यात. एक बोर्ड बरोबर वाचेल, दुसरा चुकेल, तिसरा दुपारी बरोबर आणि पहाटे चूक. कायम चुकणारे यंत्र परवडले, पण असे नको. केवळ रेझिस्टरच्या जोरावर दहा मायक्रोसेकंदांत उंबरठा गाठायचा तर तो २ किलोओहमच्या आसपास लागेल आणि केबलच्या अंदाजातील चूक धरली तर १ किलोओहमवर यावे लागेल. ज्यांनी तुम्हाला १ किलोओहम सुचवला त्यांचा उपाय चालेल, पण बॅटरीवर भार टाकून तुम्ही अशी घाई विकत घ्याल जिची पाण्याच्या टाकीला काहीच गरज नाही.

घाई नको असेल तर पुल-अप चालू केल्यावर थोडे थांबून वाचावे. पाच टाइम कॉन्स्टंटमध्ये लाइन ९९ टक्क्यांच्या वर जाते. आतल्याच पुल-अपने, कमाल २६० मायक्रोसेकंद धरून, दीड मिलिसेकंद थांबलात तर आज रात्रीच तुमचे काम सुरू होईल. निदान बरोबर आहे की नाही याची चाचणीही तीच आहे: एक ओळ वाढवा आणि दोष गेला का ते पाहा.

मग बाहेरचा रेझिस्टर लावायचाच कशाला? माझ्या मते तो लावावा, आणि ४.७ किलोओहमचा लावावा, पण वेगासाठी नव्हे. त्याचा आकडा दुसऱ्या दोन गोष्टी ठरवतात, आणि त्या पावसाळ्यात व पंप चालू असताना समोर येतात.

पहिली गोष्ट गळती. गच्चीवर फ्लोटची वायर आणि तुमची केबल जेथे जोडली आहे तो डबा जून ते सप्टेंबर ओलाच असतो. जोडावर धूळ आणि ओल साठली की उघड्या संपर्काला समांतर असा एक अदृश्य रेझिस्टर तयार होतो. कोरड्या दिवसांत तो मोजण्यापलीकडे मोठा असतो, पण पावसात ५० किलोओहमपर्यंत उतरलेला मी स्वतः मोजला आहे. आतला पुल-अपही ५० किलोओहमचा असेल तर उघडी लाइन १.६५ व्होल्टवर अडकते, म्हणजे पुन्हा त्याच पट्ट्यात. आणि येथे कितीही वेळ थांबलात तरी ती वर जात नाही. दोन दोषांतला फरक ओळखण्याची खूणही हीच आहे: थांबण्याचा वेळ वाढवल्याने जो बरा होतो तो कपॅसिटन्सचा दोष आणि जो होत नाही तो गळतीचा. हिशेब सोपा आहे. उंबरठा ०.६ पट असल्यामुळे गळतीचा रेझिस्टन्स पुल-अपच्या किमान दीडपट राहिला पाहिजे. थोडी सवड ठेवून चौपट धरावा, मग उघडी लाइन पुरवठ्याच्या ८० टक्क्यांवर राहते. ४.७ किलोओहमला ही चौपट मर्यादा १९ किलोओहम येते. जोड इतका भिजला असेल तर रेझिस्टर बदलण्याऐवजी डबा उघडून जोड पुसावा.

दुसरी गोष्ट पंपाची केबल. बहुतेक सोसायट्यांत डक्ट एकच असते आणि तिच्यात फ्लोटची वायर पंपाच्या वायरीला बिलगून खाली येते. समजा त्या दोहोंत दर मीटरला २० पिकोफॅरॅडचा कपॅसिटन्स आहे आणि ३० मीटर अंतर त्या सोबत जातात. हे ६०० पिकोफॅरॅड झाले. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातून त्यांतून ४३ मायक्रोअँपिअरचा प्रवाह तुमच्या लाइनमध्ये शिरतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण संपर्क उघडा असताना त्याला वाट फक्त पुल-अपमधून असते. ५० किलोओहमवर तो २.२ व्होल्ट, शिखराला ३.१ व्होल्ट एवढा डोलारा उभा करतो आणि लाइन जवळजवळ जमिनीपर्यंत खाली-वर होते. ४.७ किलोओहमवर हेच शिखर ०.२९ व्होल्टचे राहते, म्हणजे लाइन ३ व्होल्टच्या खाली जात नाही. तुमची केबल शील्डेड असल्याने हा त्रास बहुतांशी टळेल, मात्र शील्ड केबिनच्या बाजूला खरोखर ग्राउंडला जोडलेली हवी. पुष्कळ ठिकाणी शील्डची जाळी कापून टेपखाली दडवलेली सापडते. तेव्हा एकदा टेप सोडून पाहाच.

वरची मर्यादा अशी ठरली. खालची मर्यादा बॅटरी आणि संपर्क ठरवतात. संपर्क मिटलेला असताना ४.७ किलोओहममधून ०.७० मिलिअँपिअर जातो. पुल-अप कायम चालू ठेवला तर दिवसाला जवळजवळ १७ मिलिअँपिअर-तास नुसते त्यात जातील आणि २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पाच महिन्यांत, बाकी काही न करता, संपेल. म्हणून पुल-अप फक्त वाचनापुरता चालू करण्याची तुमची कल्पना उत्तम आहे, ती सोडू नये. रेझिस्टरचे वरचे टोक पुरवठ्याला न जोडता दुसऱ्या पिनला, समजा 8 क्रमांकाच्या, जोडावे. लाइन 7 क्रमांकाच्या पिनवर येते आणि ती पिन कायम साधी INPUT राहते:

```
digitalWrite(8, HIGH);
delayMicroseconds(500);
bool tankFull = digitalRead(7);
digitalWrite(8, LOW);
```

8 क्रमांकाची पिन सुरुवातीला OUTPUT करून LOW ठेवायची. एरवी लाइन त्याच रेझिस्टरमधून जमिनीला बांधलेली राहते, त्यामुळे ती तरंगत नाही आणि पिन OUTPUT करून केबल थेट जमिनीला टेकवावी लागत नाही. टाइम कॉन्स्टंट २५ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे ५०० मायक्रोसेकंदांत त्याचे वीस पट होतात. केबलचा माझा अंदाज निम्म्याने चुकला तरी काही बिघडत नाही. ०.७० मिलिअँपिअर सेकंदाला फक्त अर्धा मिलिसेकंद वाहिला तर सरासरी प्रवाह ०.३५ मायक्रोअँपिअर येतो, तो बॅटरीच्या स्वतःच्या झिजेपेक्षा वेगळा दिसणारही नाही.

रीड संपर्क काचेत बंद असतो आणि त्याला ०.७० मिलिअँपिअर पुरतो. पुढे कधी तुम्ही याच बोर्डाला चांदीच्या संपर्काचा साधा लिमिट स्विच जोडलात, तर मात्र त्याच्या डेटाशीटमधील किमान भार पाहावा. चांदीवर हळूहळू पापुद्रा चढतो आणि तो भेदण्यासाठी काही मिलिअँपिअर लागतात. अशा ठिकाणी रेझिस्टर १ किलोओहमपर्यंत खाली आणणे योग्य ठरते आणि तेथे वेगाचा प्रश्न आपोआप मिटतो.

दर मीटरला १५० पिकोफॅरॅड हा माझा अंदाज आहे. तुमची केबल भिंतीत आहे, तेव्हा ती मोजून घेणे उत्तम. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर केबल दोन्ही टोकांना सोडवून, दुसरी तार व शील्ड एकत्र करून, सिग्नलची तार आणि ही जोडी यांच्यात मोजा. संपर्क जोडलेलाच असेल तर तो उघडा असल्याची खात्री करा, नाहीतर मीटर काहीच सांगणार नाही. मीटर नसेल तर बोर्डच मोजमाप करू शकतो. ४.७ किलोओहमच्या जागी तात्पुरता १०० किलोओहम लावा, पिन HIGH केल्यापासून वाचन HIGH होईपर्यंतचा वेळ micros() ने मोजा. या बोर्डावर micros() ८ मायक्रोसेकंदांच्या पायरीने पुढे जाते, म्हणूनच रेझिस्टर मोठा घेऊन वेळ लांबवायचा. आता त्या वेळेला ०.९१६ ने भागण्याचा मोह टाळा, कारण ०.६ ही हमीची पातळी आहे. तुमची चिप प्रत्यक्षात त्याच्या बरीच आधी, साधारण मध्याच्या आसपास, HIGH म्हणू लागते. त्याऐवजी केबल काढून तेथे १० नॅनोफॅरॅडचा, ५ टक्के अचूकतेचा पॉलिएस्टर कपॅसिटर लावा आणि तोच वेळ पुन्हा मोजा. कपॅसिटरला ७६० मायक्रोसेकंद आणि केबलला ४०० लागले, तर केबल ५.३ नॅनोफॅरॅडची झाली. तपकीर गल्लीत असा कपॅसिटर सुट्याने मिळतो. सिरॅमिकची चकती मात्र या कामाला घेऊ नका, तिच्यावरील आकडा आणि आतला आकडा यांत पुष्कळदा मेळ नसतो.

ऑसिलोस्कोप मिळाला तर लाइन चढताना प्रत्यक्ष पाहता येईल. प्रोब १० पटीच्या स्थितीत ठेवा. एकपटीच्या स्थितीत प्रोब आणि त्याची केबल मिळून शंभरभर पिकोफॅरॅड भर घालतात. तुमच्या ५.२५ नॅनोफॅरॅडपुढे ते किरकोळ आहेत, पण टेबलावर वीतभर वायर तपासताना तेवढ्याने कपॅसिटन्स तिप्पट होतो आणि नसलेला दोष दिसू लागतो.

एक शंका तुमच्या मनात येऊ शकते की ३५ मीटरच्या लांब वायरीला एका कपॅसिटरसारखे धरणे बरोबर आहे का. सिग्नलला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला २०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात आणि आपला टाइम कॉन्स्टंट २५ मायक्रोसेकंद आहे. शंभरपटीहून अधिक अंतर असल्यामुळे हे सोपे गणित येथे पूर्णपणे लागू आहे. वाढ संथ असल्याची काळजीही या पिनला नाही, कारण तिच्या आत श्मिट ट्रिगर आहे. हीच लाइन ७४एचसी मालिकेच्या साध्या गेटला द्यायची असती तर मात्र मध्ये श्मिट ट्रिगर असलेला ७४एचसी१४ घालावा लागला असता.

तुम्हाला कोणीतरी पिनजवळ १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावायलाही सांगेल. लावायचा असेल तर तो थेट लाइनवर लावू नका. संपर्क मिटताना तो सगळा साठा रीडच्या बारीक पात्यांतून एकदम ओततो; वाटेत केबलचे दोन-तीन ओहमच असल्याने प्रवाह क्षणभर अँपिअरच्या घरात जातो आणि पाती चिकटू शकतात. आधी लाइनपासून १ किलोओहम, मग कपॅसिटर, मग पिन, असा क्रम ठेवावा. त्यामुळे प्रवाह ३.३ मिलिअँपिअरवर अडतो. मात्र आता भरण्याची वाट ४.७ अधिक १ किलोओहममधून जाते, टाइम कॉन्स्टंट ५७० ते ६०० मायक्रोसेकंद होतो आणि वरची ५०० मायक्रोसेकंदांची ओळ पुन्हा अपुरी पडते. ती ३००० करावी लागेल. वीस जणांपैकी एखाद्यालाच हे आठवते. बाकीचे कपॅसिटर लावून तुमच्यासारखाच प्रश्न विचारायला येतात.

गच्चीवरून येणाऱ्या वायरीला वळवाच्या विजांपासून जपण्यासाठी टीव्हीएस डायोड बसवावा, पण त्याचेही दोन आकडे हिशेबात घ्यावेत. त्याचा कपॅसिटन्स काही नॅनोफॅरॅड, म्हणजे तुमच्या सबंध केबलएवढा असू शकतो. आणि कमी व्होल्टेजच्या डायोडची गळती मोठी असते: एसएमबीजे ५.०ए या प्रकाराला ५ व्होल्टवर ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत गळतीची मुभा डेटाशीटच देते. ३.३ व्होल्टवर ती कमी भरते, पण किती कमी याची हमी कोणी देत नाही, आणि ४.७ किलोओहममधून तुम्ही मुळात ७०० मायक्रोअँपिअरच देता. त्यापेक्षा १२ व्होल्टच्या दर्जाचा डायोड लाइनवर लावावा, कारण ३.३ व्होल्टवर त्याची गळती नगण्य असते, आणि पिनला त्या १ किलोओहमच्या आड ठेवावे. डायोड बसवल्यावर १० नॅनोफॅरॅडच्या कपॅसिटरशी तुलना करण्याचे तेच मोजमाप पुन्हा एकदा करा आणि नव्या टाइम कॉन्स्टंटच्या किमान पाचपट थांबा.